होर्डिंग एकच, बघणारे दोन: जाहिरात मन कशी वळवते यावर निबंध लिहिताना

ठाण्यात मी पदवीच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते. जाहिरातीवरचा निबंध दिला की एक वाक्य दरवर्षी निम्म्या वह्यांत सापडतं: ‘या जाहिरातीत प्रसिद्ध अभिनेत्री आहे, म्हणून ही जाहिरात परिघीय मार्गाने मन वळवते.’ वाक्य बरोबर वाटतं, पाठ्यपुस्तकातल्या तक्त्याशी जुळतंही. पण निबंध तिथेच घसरतो, कारण मार्ग हा जाहिरातीचा गुण नाही. तो जाहिरात आणि ती बघणारा माणूस यांच्यामध्ये, त्या क्षणी ठरतो. तीच जाहिरात एकाच्या बाबतीत केंद्रीय मार्गाने, म्हणजे मुद्द्यांवर विचार करायला लावून काम करते आणि शेजारच्या माणसाच्या बाबतीत परिघीय मार्गाने, म्हणजे एखाद्या सोप्या खुणेच्या जोरावर. हा लेख या एका मुद्द्याभोवती निबंध कसा उभा करायचा, त्याबद्दल आहे. उदाहरण आपल्या रोजच्या डोळ्यांसमोरचं घेतलंय: घोडबंदर रोडवरची फ्लॅटची जाहिरात.

सिद्धान्त आपल्या शब्दांत मांडा

रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओप्पो या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात इलॅबोरेशन लाइकलिहूड मॉडेल मांडलं. त्याची सविस्तर मांडणी त्यांच्या १९८६च्या पुस्तकात आहे. नावातला ‘इलॅबोरेशन’ हा शब्दच कळीचा आहे. समोर आलेला मुद्दा माणूस आपल्या माहितीशी, गरजांशी, अनुभवाशी ताडून बघतो, त्यात स्वतःची भर घालतो, त्यावर मनात वाद घालतो. या सगळ्या खटपटीला त्यांनी ते नाव दिलं. मराठीत मी त्याला ‘विचार फुलवणं’ म्हणते. ही खटपट होण्याची शक्यता जास्त असेल तर अभिवृत्ती, म्हणजे त्या गोष्टीबद्दलचं अनुकूल-प्रतिकूल मत, बदलते ती मुद्द्यांच्या ताकदीवर, हा केंद्रीय मार्ग. शक्यता कमी असेल तर एखादी सोपी खूण पुरते: ओळखीचा चेहरा, मुद्द्यांची नुसती संख्या, छान संगीत, ‘सगळे घेताहेत’ असं वातावरण. हा परिघीय मार्ग.

शक्यता ठरते दोन गोष्टींवर. एक, विचार करायची इच्छा. दुसरी, विचार करायची सोय, म्हणजे वेळ, शांतता आणि विषयाची जुजबी का होईना माहिती. यातली एक जरी नसली तरी विचार फुलत नाही. बहुतेक निबंधांत इच्छेवर दोन परिच्छेद असतात आणि सोयीवर अर्धी ओळ. पुढच्या उदाहरणात सोयीचा भाग मी मुद्दाम मोठा ठेवलाय.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच लिहून टाका. हे दोन डबे नाहीत. ती एक पट्टी आहे, एका टोकाला कसून विचार आणि दुसऱ्या टोकाला जवळपास शून्य. खरा ग्राहक बहुतेक वेळा या पट्टीवर मध्येच कुठेतरी असतो.

एक प्रयोग नीट सांगा

सहा अभ्यासांची नावं देण्यापेक्षा एक प्रयोग असा सांगा, की वाचणाऱ्याला तो डोळ्यांसमोर दिसेल. जाहिरातीच्या विषयाला सगळ्यांत जवळचा प्रयोग पेटी, कॅसिओप्पो आणि डेव्हिड शूमन यांनी १९८३मध्ये प्रसिद्ध केला.

विद्यार्थ्यांना जाहिरातींची एक पुस्तिका चाळायला दिली. त्यात ‘एज’ नावाच्या, बाजारात नसलेल्या रेझरची जाहिरात होती. काही विद्यार्थ्यांना आधीच सांगितलं होतं की शेवटी भेट म्हणून तुम्हाला डिस्पोजेबल रेझरचा एखादा ब्रँड निवडता येईल, आणि हे उत्पादन लवकरच तुमच्या भागात विक्रीला येणार आहे. बाकीच्यांना निवडायला टूथपेस्ट होती आणि रेझर दुसरीकडेच कुठेतरी विकला जाणार होता. म्हणजे पहिल्या गटाला रेझरबद्दल विचार करायचं कारण होतं, दुसऱ्याला नव्हतं. पहिल्याचा सहभाग जास्त, दुसऱ्याचा कमी, असं याला म्हणतात.

मग जाहिरातीत दोन गोष्टी बदलल्या. काहींच्या जाहिरातीत रेझरची शिफारस नावाजलेले खेळाडू करत होते, तर काहींच्या जाहिरातीत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावची साधी माणसं. तसंच काहींना दमदार मुद्दे वाचायला मिळाले, उदाहरणार्थ मूठ हातातून निसटू नये म्हणून तिला दिलेला खास आकार. काहींना पोकळ मुद्दे मिळाले. ‘बाथरूम डोळ्यांसमोर ठेवून बनवलेला’ हा त्यांपैकी एक.

ज्यांना रेझर निवडायचा होता त्यांचं मत मुद्द्यांच्या दमावर बरंच हललं आणि खेळाडू असण्यानसण्याने फरक पडला नाही. ज्यांना रेझरशी देणंघेणं नव्हतं त्यांच्या मतावर खेळाडूच्या प्रसिद्धीचा परिणाम झाला आणि मुद्द्यांचा परिणाम पहिल्या गटाच्या मानाने कमी झाला.

‘कमी झाला’ असं मी लिहिलंय, ‘झालाच नाही’ असं नाही. हा फरक निबंधात जपा. आणि दुसरी एक गोष्ट जी सहसा कुणी लिहीत नाही: प्रसिद्ध चेहऱ्याने रेझरबद्दलचं मत सुधारलं, पण ‘विकत घ्याल का?’ या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचा तसा परिणाम दिसला नाही. निबंध ‘ग्राहकाचं मन वळवणं’ यावर असेल तर मत आणि खरेदीचा इरादा यांतलं हे अंतर तुमच्या फार उपयोगाचं आहे.

एकच जाहिरात घ्या आणि तिचे तुकडे करा

आता आपलं होर्डिंग. माजिवड्याकडून कासारवडवलीच्या दिशेने जाताना अशी डझनभर दिसतात. वर्गासाठी मी त्यांच्यावरून एक नमुना बनवलाय. बाल्कनीत उभी असलेली हसरी अभिनेत्री, मागे खाडी आणि हिरवे डोंगर. मोठ्या अक्षरांत ‘स्टेशनपासून अवघ्या ५ मिनिटांवर’. त्याखाली ‘२ बीएचके, स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून’. कोपऱ्यात ‘शेवटचे मोजकेच फ्लॅट’. आणि अगदी खाली बारीक अक्षरांत महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक आणि क्यूआर कोड.

एका कागदावर हे सहा तुकडे एकाखाली एक लिहा: चेहरा, देखावा, अंतर, पैशांची सवलत, घाई, नोंदणी. लगेच त्यांच्यापुढे ‘केंद्रीय’ किंवा ‘परिघीय’ लिहू नका. तिथेच हात थांबवा. आधी दोन बघणारे ठरवा आणि प्रत्येक तुकडा त्या दोघांच्या बाजूने तपासा.

पहिला बघणारा एकोणीस वर्षांचा, टीएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसलेला, कानात गाणं. फ्लॅट घ्यायचा विचार त्याच्या डोक्यात पुढची दहा वर्षं तरी येणार नाही. इच्छा नाही. सोयही नाही, कारण बस हलती आहे आणि होर्डिंग दोन-चार सेकंदांत मागे पडतं. त्याच्या मनात राहतो चेहरा, हिरवळ आणि ‘काहीतरी भारी आहे’ अशी एक भावना.

दुसरी बघणारी माझी धाकटी जाऊ. ती आणि माझे दीर कळव्यात भाड्याने राहतात आणि वर्षभर फ्लॅट शोधताहेत. अशाच एका जाहिरातीचं माहितीपत्रक घेऊन ती एका रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसली, हातात पेन्सिल. त्या दिवशी ‘विचार फुलवणं’ म्हणजे काय ते मी पुस्तकाबाहेर पाहिलं.

तिने आधी क्यूआर कोड स्कॅन केला आणि महारेराच्या साइटवर त्या प्रकल्पाचं पान उघडलं. तिथे कार्पेट एरिया चौरस मीटरमध्ये होता, ४२. तिने मोबाइलवर १०.७६४ने गुणून साधारण ४५२ चौरस फूट काढले आणि पेन्सिलने समासात लिहिले. मग प्रकल्प पूर्ण होण्याची तारीख पाहिली. विक्री कार्यालयातल्या माणसाने डिसेंबर सांगितलं होतं, पानावर पुढच्या वर्षीचा जून होता.

“ताई, म्हणजे सहा महिने भाडं आपल्याच खिशातून ना? बावीस हजार गुणिले सहा.” तिने समासात १,३२,००० लिहिलं आणि स्टॅम्प ड्युटीच्या सवलतीतून ते वजा केलं.

मग स्टेशनचं अंतर. आदल्या शनिवारी संध्याकाळी ते दोघे रिक्षाने गेले होते आणि त्यांना पंचवीस मिनिटं लागली होती. “पाच मिनिटं कुठल्या स्टेशनची?” असं विचारून दिरांनी माहितीपत्रक उलटं केलं. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत होतं: प्रस्तावित मेट्रो स्थानक.

या प्रसंगातून तुमच्या निबंधासाठी दोन गोष्टी मिळतात, आणि दोन्ही सावकाश लिहिण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट, केंद्रीय मार्ग म्हणजे जाहिरातीचं यश असं नाही. जाऊबाईंनी कसून विचार केला आणि त्यांचं मत खाली आलं. मुद्दा पोकळ असेल तर विचार जितका जास्त, तितक्या प्रतिकूल गोष्टी मनात येतात. ‘५ मिनिटं’ हे शब्द बसमधल्या मुलाच्या मनात जाहिरातीच्या बाजूने एक हलकी खूण ठेवून गेले. तेच शब्द टेबलावर जाहिरातीच्या विरोधात गेले. दिसायला तो मुद्दा आहे, आकडाही आहे. पण ज्याने तो तपासला नाही त्याच्यासाठी आकडा ही फक्त खूण होती.

दुसरी गोष्ट, एकच तुकडा वेगवेगळी कामं करतो. खाडीचा देखावा बघा. साबणाच्या जाहिरातीत मागे खाडी असती तर तिचा साबणाच्या गुणांशी संबंध नसता, ती निव्वळ खूण ठरली असती. फ्लॅट घेणाऱ्यासाठी खिडकीतून काय दिसणार हा थेट मुद्दा आहे. जाऊने विचारलंच, “हा फोटो कितव्या मजल्यावरून काढलाय?” अभिनेत्रीचा चेहराही तसाच. मुलासाठी ती खूण. ज्याला थोडीफार उत्सुकता आहे पण अजून ठरलेलं नाही, अशा माणसाच्या बाबतीत ती त्याला थांबून खालचा मजकूर वाचायला लावू शकते, म्हणजे विचाराचं प्रमाण वाढवू शकते. आणि शाम्पूच्या जाहिरातीत तिचे केस हा स्वतःच पुरावा होतो. म्हणून ‘अभिनेत्री = परिघीय’ हे समीकरण वहीतून खोडा.

सोयीचा परिच्छेद

रेरा कायद्यानुसार प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि प्राधिकरणाच्या साइटचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. ऑगस्ट २०२३पासून महारेराने जाहिरातीत क्यूआर कोडही सक्तीचा केला. मॉडेलच्या भाषेत हे नियम ग्राहकाची सोय वाढवतात, विचार करायला लागणारी माहिती हाताशी आणतात. पण इच्छा नियमाने येत नाही. शिवाय सोयही माध्यमावर अवलंबून असते. वर्तमानपत्रातल्या किंवा माहितीपत्रकातल्या कोडवर मोबाइल धरता येतो. रस्त्याकडेच्या तीन मजली होर्डिंगवरचा कोड धावत्या बसमधून धरता येत नाही. एकच मजकूर होर्डिंगवर आणि कागदावर आला, तर त्याला लाभणारी विचाराची शक्यता वेगळी असते. निबंधात हा परिच्छेद असला की परीक्षकाला कळतं की तुम्हाला मॉडेल उमगलंय.

विचारनोंद: छोटी चाचणी स्वतः करून बघा

एखाद्याने कुठल्या मार्गाने विचार केला हे कळतं कसं? ‘तुमच्यावर अभिनेत्रीचा प्रभाव पडला का?’ असं विचारून नक्कीच नाही. जवळपास सगळे ‘नाही’ म्हणतात, आणि आपल्यावर कशाचा प्रभाव पडला हे माणसाला सहसा सांगताही येत नाही. या क्षेत्रात त्यासाठी विचारनोंदीची पद्धत वापरतात. ती वर्गात सहज होते.

आठ मित्रमैत्रिणी घ्या आणि चिठ्ठ्या टाकून चार-चारचे दोन गट करा. जाहिरात दाखवण्याच्या *आधी* एका गटाला सांगा: ‘समजा पुढच्या महिन्यात तुमच्या घरच्यांना फ्लॅट ठरवायचाय आणि त्यांनी तुमचं मत विचारलंय.’ दुसऱ्या गटाला सांगा: ‘ही दुसऱ्या राज्यातल्या शहरातली जाहिरात आहे, सहज नजर टाका.’ त्यासाठी दोन्ही प्रतींवरून ठाण्याच्या खुणा आधीच काढून टाका, म्हणजे दोघांना अगदी तीच जाहिरात दिसेल. दोघांनाही सारखाच वेळ द्या, एक मिनिट पुरे. जाहिरात काढून घ्या. मग कोऱ्या कागदावर तीन मिनिटं, एका ओळीत एक याप्रमाणे, बघताना मनात जे जे आलं ते लिहायला सांगा. शुद्धलेखन, पूर्ण वाक्य, काही नको. कागदावर नावही नको.

वेळ संपली की प्रत्येकाने स्वतःच आपल्या ओळींपुढे खूण करायची: अनुकूल असेल तर अधिक, प्रतिकूल असेल तर उणे, दोन्ही नसेल तर शून्य. त्यानंतर तुम्ही दुसऱ्या रंगाने बघा की ओळ कशाबद्दल आहे, फ्लॅटच्या गुणदोषांबद्दल की चेहरा, रंग, मांडणीबद्दल. हे वर्गीकरण आणखी एकाकडून, गट कोणता ते न सांगता, करून घ्या. दोघांचं जुळलं नाही तर त्या ओळीवर बोला.

माझ्या वर्गात एका कागदावर आलं होतं: ‘छान वाटलं’, ‘हिला कुठल्या तरी मालिकेत पाहिलंय’, ‘हिरवं हिरवं’. दुसऱ्या गटातल्या कागदावर: ‘मेंटेनन्स किती?’, ‘पाण्याचं काय, टँकर का?’, ‘शेवटचे फ्लॅट असं सगळेच म्हणतात’. दोन कागद शेजारी ठेवले की सिद्धान्त समजावून सांगावा लागत नाही. तुमच्या निबंधात असे दोन-तीन कागद शब्दशः द्या.

इथे चुका ठरलेल्या होतात. सूचना जाहिरातीनंतर दिली तर ती निरुपयोगी, बघणं तोवर होऊन गेलेलं असतं. एखाद्याच्या घरी खरंच फ्लॅटचा शोध चालू असेल तर तो ‘सहज नजर टाका’ गटात गेला तरी कसून वाचतो, म्हणून चाचणी संपल्यावर ते विचारून घ्या. आणि आठ जणांवरून ‘सिद्ध झालं’ असं लिहू नका. ‘दाखवण्यापुरतं’ हा शब्द वापरा.

परिच्छेद कसा लिहायचा

सुरुवातीचं ते वाक्य घेऊ आणि दुरुस्त करू. नवं रूप असं होईल:

‘फ्लॅट घेण्याचा विचार नसलेल्या प्रवाशासाठी, होर्डिंग काही सेकंदच दिसत असताना, अभिनेत्रीचा चेहरा परिघीय खूण म्हणून काम करण्याची शक्यता जास्त आहे. १९८३च्या रेझर प्रयोगात कमी सहभाग असलेल्या गटात प्रसिद्ध खेळाडूंमुळे मत सुधारलं, ते याच्याशी जुळतं. मात्र त्याच प्रयोगात खरेदीच्या इराद्यावर चेहऱ्याचा परिणाम दिसला नाही. त्यामुळे या खुणेने प्रवाशाच्या मनात प्रकल्पाबद्दल अनुकूल भावना तयार होईल इतकंच म्हणता येतं, तो फ्लॅट घेईल असं नाही.’

यात कोण बघतंय, कोणत्या परिस्थितीत, जाहिरातीतला नेमका कोणता तुकडा, पुरावा कोणता आणि तो कुठवर जातो, हे सगळं आलं. असे चार परिच्छेद दीड हजार शब्दांच्या निबंधाला पुरतात. मी दोन परिच्छेद मुलाच्या बाजूने आणि दोन जाऊच्या बाजूने लिहीन. जाऊच्या परिच्छेदात मॉडेलचा पुढचा दावा आणा: कसून विचार करून बनलेलं मत जास्त टिकतं, विरोधी प्रचाराला जास्त दाद देत नाही आणि कृतीशी जास्त जुळतं. ती तारीख तिला महिन्यानंतरही पाठ होती आणि विक्री कार्यालयातून आलेल्या तीन फोनांनी तिचं मत बदललं नाही. मुलाला विचारलं असतं तर होर्डिंग कोणत्या प्रकल्पाचं होतं हेही त्याला आठवलं असतं की नाही, शंका आहे.

टीका एकच, पण पुरती

शेवटी मर्यादा लिहायची असते आणि बहुतेक जण ‘हे मॉडेल पाश्चात्त्य आहे’ एवढं लिहून मोकळे होतात. त्यापेक्षा आतली अडचण घ्या. दमदार मुद्दा म्हणजे कोणता? पेटी आणि कॅसिओप्पो यांच्या पद्धतीत तो आधी चाचणी घेऊन ठरतो: जो मुद्दा लोकांनी विचारपूर्वक वाचला की मनात बहुतांशी अनुकूल विचार येतात, तो दमदार. मग प्रयोगात आपण म्हणतो की विचार करणाऱ्यांना दमदार मुद्दे पटले. पटणारे मुद्दे पटले, असं हे गोल फिरतं. मुद्दा दमदार *का* ठरतो, हे मॉडेल सांगत नाही. प्रयोगासाठी हे चालतं, कारण तिथे मुद्दे हे विचाराचं प्रमाण ओळखण्याचं साधन आहेत. पण खऱ्या जाहिरातीचं विश्लेषण करताना ‘स्टॅम्प ड्युटी आमच्याकडून’ हा मुद्दा दमदार आहे असं तुम्ही घरबसल्या ठरवू शकत नाही. तुमच्या विचारनोंदीत त्या मुद्द्यापुढे अधिक किती आणि उणे किती आले, ते मोजा आणि तोच आकडा निबंधात द्या. आमच्या टेबलावर त्या ओळीपुढे आधी अधिक होतं. १,३२,००० लिहिल्यावर जाऊने ते खोडून शून्य केलं.